सलूनमधील उपकरणांची निगा आणि बदलीचे वेळापत्रक

सलूनचा दिवस सहसा सर्वांत महागड्या यंत्रामुळे बुडत नाही. जी वस्तू दुकानात एकच आहे आणि जवळजवळ प्रत्येक ग्राहकाला जिची गरज लागते, ती बंद पडली की दिवस बुडतो. त्यामुळे निगेचे वेळापत्रक आखताना उपकरणाच्या किमतीकडे पाहून चालत नाही. हे उपकरण सकाळी नऊ वाजता थांबले तर आजच्या किती अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागतील, आणि त्याची जागा घेणारे दुसरे काही दुकानात आहे का, एवढे दोन प्रश्न प्रत्येक वस्तूला लावायचे. त्यांच्या उत्तरांवरून कोणती वस्तू आधी सांभाळायची, ते ठरते.

उदाहरणासाठी एक मध्यम आकाराचे सलून घेऊ. चार खुर्च्या, दोन शॅम्पू चेअर, २५ लिटरचा एक गिझर, तीन ड्रायर, दोन स्ट्रेटनर, तीन क्लिपर, एक फेशियल स्टीमर आणि एक वॅक्स हीटर. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले आहेत आणि शनिवारच्या वहीत १८ नावे आहेत. कुणाचा कलर आहे, कुणाचा हेअर स्पा, दोघींचे स्मूदनिंग आहे, बाकी कटिंग आणि फेशियल. यांपैकी ११ जणांचे केस धुवावे लागणार आहेत. अशा दिवशी तीनपैकी एक ड्रायर बंद पडला तर कामे थोडी रेंगाळतील, पण कुणालाही परत पाठवावे लागणार नाही. एक खुर्ची बिघडली तरी उरलेल्या तीन खुर्च्यांवर निभावता येईल. गिझर बंद पडला तर मात्र थंडीच्या दिवसांत ११ कामे एकदम अडतात. या सलूनमध्ये वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीवर गिझर असला पाहिजे. प्रत्यक्षात तो बहुतेक दुकानांत शेवटी असतो, कारण तो बाथरूममध्ये किंवा माळ्यावर नजरेआड टांगलेला असतो.

गिझर बिघडण्याचे मुख्य कारण पाणी. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की हे क्षार बाहेर पडतात आणि तापणाऱ्या कॉइलवर पांढरट खपली धरतात. पाणी ६० अंशांच्या वर नेले की हा थर फार वेगाने वाढतो. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात सहज उतरत नाही. कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी तिच्या बाहेरच्या नळीला चीर जाते. ही चीर गेली की वीज पाण्याकडे आणि अर्थिंगकडे गळू लागते आणि आरसीसीबी खाली पडतो. संपूर्ण दुकानाला एकच आरसीसीबी असेल तर गिझरबरोबर दिवे, एसी आणि ड्रायरही बंद होतात. इलेक्ट्रिशियनकडून गिझरची लाइन स्वतंत्र आरसीसीबीवर घेतली तर नुकसान निदान गिझरपुरते राहते. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा, दुकान उघडण्यापूर्वी ते दाबून पाहायचे. बटण दाबल्यावर खटका पडला नाही तर तो आरसीसीबी निकामी आहे आणि त्याच दिवशी बदलायला हवा, कारण ओल्या हातांनी काम चालणाऱ्या जागेत जीव वाचवणारी वस्तू तीच आहे.

गिझरचा बिघाड अचानक आल्यासारखा वाटला तरी त्याची चाहूल बरीच आधी लागते. पाणी तापताना आतून टकटक किंवा भाजल्यासारखा आवाज येतो. हँडशॉवरच्या जाळीत पांढरे कण अडकतात. कधी दिवा लवकर विझतो आणि पाणी कोमटच राहते, कारण थर्मोस्टॅटचा भाग क्षारांच्या थरात गाडला जातो आणि पाणी पुरते तापण्याआधीच वीज तोडतो. हे ओळखायला घड्याळ पुरेसे आहे. २५ लिटरचा, २,००० वॅटचा गिझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण अर्धा तास घेतो; थंडीत नळाचेच पाणी गार असल्याने पाच-सात मिनिटे जास्त लागतात. सर्व्हिसिंग झाल्यावर एकदा हा वेळ मोजून वहीत लिहायचा आणि मग दर आठवड्याला सकाळी गिझर गार असताना पुन्हा पाहायचा. वेळ बराच कमी भरला आणि पाणी कोमट असेल तर थर्मोस्टॅट तपासायचा. वेळ बराच वाढला तर कॉइल किंवा विजेचा दाब. दोन्हींपैकी काहीही दिसले तर मिस्त्रीला त्याच आठवड्यात बोलवायचे.

सर्व्हिसिंगमध्ये टाकी रिकामी करून कॉइल बाहेर काढली जाते, तिच्यावरची खपली सौम्य आम्लाने उतरवली जाते आणि तळाशी साचलेला गाळ धुऊन टाकला जातो. याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड पाहायचा असतो. टाकीच्या लोखंडाऐवजी गंज स्वतःवर घेणे हे या रॉडचे काम. तो झिजून निम्मा झाला किंवा आतली तार दिसू लागली की बदलायचा. तो संपल्यावर गंज टाकीला धरतो आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही, गिझरच नवा घ्यावा लागतो. पॅकिंगचा रबर दर वेळी नवाच बसवावा. सर्व्हिसिंग किती दिवसांनी करायची, हे पाण्यावर अवलंबून आहे. पहिल्यांदा सहा महिन्यांनी उघडून पाहावे. खपली जाड निघाली तर सहा महिन्यांचाच नेम ठेवावा, पातळ निघाली तर वर्षावर न्यायला हरकत नाही. केस धुवायला पाणी लागते ३८ अंशांच्या आसपास. त्यासाठी थर्मोस्टॅट ७५ वर ठेवण्याची गरज नसते. ५५ ते ६० पुरतात, आणि खपलीही कमी धरते.

शॅम्पू चेअरवर होणारे बिघाड किरकोळ असतात, पण वेळ तेच जास्त खातात. बेसिनच्या भोकातील केसांची जाळी रोज रात्री काढून साफ केली नाही तर केस खाली उतरून पाइपात गाठ होते आणि भर दुपारी पाणी तुंबते. हँडशॉवरची लवचीक नळी जिथे रोज वाकते तिथे तिची आतली रबरी नळी फाटते. बाहेरून चकचकीत असली तरी गाठीपाशी थेंब दिसला, की ती आता फार दिवस टिकणार नाही. नळी, वॉशर आणि नळाचा स्पिंडल या तीन गोष्टी ड्रॉवरमध्ये तयार असाव्यात. प्लंबरला यायला अर्धा दिवस लागतो, नळी बदलायला पाच मिनिटे.

ड्रायरची गोष्ट वेगळी. तो एकटा दुकान बंद पाडत नाही, पण सतत राबतो आणि त्याची झीज तासांत मोजता येते. मागच्या बाजूची बारीक जाळी हे त्याचे नाक. हवेत उडणारा हेअरस्प्रे तिच्यावर चिकटतो, त्यावर केस आणि कापसाची लव बसते. हवा कमी ओढली गेली की आतली तार जास्त तापते, आणि सुरक्षेसाठी बसवलेला कटआउट ड्रायर मधेच बंद करतो. दहा मिनिटांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो. पुष्कळ जण याला मोटरचा दोष समजून ड्रायर दुरुस्तीला टाकतात. प्रत्यक्षात जाळी काढून मऊ ब्रशने झाडली आणि साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवली, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. हे काम दर आठवड्याचे. जाळीशिवाय ड्रायर कधीही चालवू नये, कारण लांब केस आत ओढले जाऊन पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळतात आणि बेअरिंग जाम होते.

जाळी स्वच्छ असूनही जळका वास येत असेल, मागून पाहिल्यावर आत मोठ्या ठिणग्या दिसत असतील किंवा आवाज बदलला असेल, तर मोटरमधील कार्बन झिजले आहेत. चांगल्या प्रतीच्या ड्रायरचे कार्बन बदलून मिळतात, स्वस्त ड्रायरमध्ये तो खर्च परवडत नाही. दुसरे दुखणे वायरचे असते. काम संपले की वायर मुठीभोवती आवळून गुंडाळायची सवय सर्वत्र आहे, आणि त्यामुळे मुठीच्या तोंडाशी आतल्या तारा एकेक करून तुटतात. तिथे वायर हाताला गरम लागली किंवा हलवल्यावर ड्रायर बंद-चालू झाला, तर तो ग्राहकाच्या डोक्याजवळ धरण्याच्या लायकीचा उरलेला नाही. वायर सैल वेटोळे करून हुकाला टांगली तर हा बिघाड खूप लांबतो.

ड्रायर केव्हा बदलायचा, याचा हिशोब सोपा आहे. कंपनीने मोटरचे आयुष्य १,००० तास सांगितले आहे असे धरू. एक ड्रायर रोज सरासरी अडीच तास चालतो आणि महिन्याचे २६ दिवस काम असते, म्हणजे महिन्याला ६५ तास. हजार तास भरायला १५ महिने लागतात. त्यापर्यंत थांबायचे नाही. साधारण ८०० तासांना, म्हणजे बाराव्या महिन्यात नवा ड्रायर आणायचा आणि जुना चालू स्थितीतच राखीव म्हणून बाजूला ठेवायचा. इथे एक चूक फार सर्रास होते. दुकान उघडताना तिन्ही ड्रायर एकाच दिवशी, एकाच कंपनीचे घेतले जातात आणि साहजिकच तिन्ही एकाच मोसमात थकतात. दर चार महिन्यांनी एक ड्रायर बदलत गेले तर खर्चही विभागला जातो आणि दोन तरी ड्रायर नेहमी भर उमेदीत असतात.

ड्रायर ज्या सॉकेटला लावतात, ते सॉकेटही उपकरणच समजावे. २,००० वॅटचा ड्रायर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला किंवा दोन ड्रायर मिळून एका एक्स्टेन्शन बोर्डाला लावले की जोड तापतात, आतली पट्टी सैल होते आणि सैल पट्टी आणखी तापते. काम झाल्यावर प्लग काढून पिनांना हलका स्पर्श केला तर हे लगेच कळते. पिना चटका देण्याइतक्या गरम असतील किंवा प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडले असेल, तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलायचे. फक्त एक बदलला तर जुना नव्याला पुन्हा खराब करतो.

स्ट्रेटनरच्या बाबतीत मोजदाद वेगळ्या पद्धतीने करावी लागते, कारण त्याचा बिघाड कामाच्या मध्यावर येतो. स्मूदनिंगमध्ये पहिल्या क्रीमने केसांचे आतले बंध सैल केलेले असतात. मग केस धुऊन, वाळवून, एकेक पापुद्रा प्रेस करायचा आणि शेवटी न्यूट्रलायझर लावून आकार पक्का करायचा. प्रेसिंग अर्धे झाले असताना मशीन थंड पडले तर ग्राहकाला उद्या या म्हणता येत नाही. केस तशा अवस्थेत सोडणे म्हणजे त्यांचे नुकसान. त्यामुळे शनिवारी दोन स्मूदनिंग असतील तर दुकानात तीन चालू स्ट्रेटनर हवेत, दोन नव्हेत. वर घेतलेल्या उदाहरणातील सलूनची खरी उणीव ही आहे. पट्ट्यांवर जळलेल्या क्रीमचा थर मशीन पूर्ण गार झाल्यावर ओल्या कपड्याने रोज पुसायचा. तो खरवडून काढला तर पट्टीचा लेप जातो आणि केस अडकायला लागतात. लेपाला टवका गेला की ती पट्टी केस तोडते, तेव्हा मशीन बदलायचे.

क्लिपरला थोडे तेल आणि नियम एवढेच हवे असते. केस झाडून काढायचे, ब्लेडवर जंतुनाशक मारायचे, ते वाळले की मशीन चालू ठेवून दात्यांवर तेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे आणि जादा तेल पुसायचे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण जंतुनाशकाने तेलाचा थर धुऊन जातो. तेल आधी आणि फवारा नंतर केला तर ब्लेड कोरडी घासतात, तापतात आणि ग्राहकाच्या मानेला चटका बसतो. क्लिपर केस ओढू लागला तर धार गेलेली असते किंवा ब्लेडचा स्क्रू सैल झालेला असतो. धार लावून ब्लेड परत बसवताना हलणाऱ्या ब्लेडचे टोक स्थिर ब्लेडच्या टोकाच्या जरासे मागे राहिले पाहिजे. पुढे आले तर कातडी कापते. वायरच्या जुन्या घाटाच्या मशीनमधून अचानक खडखडाट सुरू झाला तर बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवून आवाज शांत होईल तिथे थांबवावा, दुरुस्तीची गरज नसते. बॅटरीच्या ट्रिमरची बॅटरी साधारण काही शे चार्जिंगनंतर दमते. पूर्वी दिवसभर चालणारा ट्रिमर दुपारीच मान टाकू लागला, की बॅटरी बदलायची वेळ आली.

स्टीमर आणि वॅक्स हीटर यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येते. स्टीमरमध्ये नळाचे पाणी घालू नये, डिस्टिल्ड किंवा आरओचे घालावे आणि रात्री टाकी रिकामी करावी. वाफेऐवजी गरम पाण्याचे थेंब उडू लागले तर आत क्षार साचले आहेत. पांढरा व्हिनेगर आणि पाणी घालून साफ करेपर्यंत तो कुणाच्याही चेहऱ्यासमोर लावू नये. वॅक्स हीटर स्वस्त असतो, त्याच्या दुरुस्तीत वेळ न घालवता दुसरा घेऊन ठेवणे शहाणपणाचे. हायड्रॉलिक खुर्ची ग्राहक बसल्यावर हळूहळू खाली जाऊ लागली तर पंपाची सील गळते आहे. हे काम कारागिराचे आहे आणि ते आठवडाभर थांबू शकते.

आता वेळ. रोजची कामे रात्री दुकान बंद करताना व्हावीत: जाळ्या, क्लिपरचे तेल, स्ट्रेटनर पुसणे, स्टीमर रिकामा करणे. आठवड्याची कामे बऱ्याच गावांत सोमवारच्या सुट्टीवर ढकलली जातात, पण गर्दी शनिवार-रविवारी असेल तर सोमवार फार आधी पडतो. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी अर्ध्या तासाची तपासणी ठेवली तर बिघाड सापडल्यावर सुटे भाग आणायला आणि कारागीर बोलवायला शुक्रवार मोकळा मिळतो. मोठे सर्व्हिसिंग मात्र गर्दीच्या तोंडावर कधीही करू नये. नुकताच उघडलेला गिझर पॅकिंगमधून गळू शकतो, नव्याने बसवलेली ब्लेड थोडी सरकू शकते; दुरुस्तीतून निघणाऱ्या या चुका दिसायला दोन-चार दिवस जावे लागतात. महाराष्ट्रात सलूनच्या धंद्याला वर्षात एक सोयीची मोकळीक मिळते, ती पितृपक्षात. लग्ने चातुर्मासात थांबलेली असतात, गणपती होऊन गेलेले असतात, नवरात्र आणि दिवाळी पुढे असते. गिझरची खपली, वायरिंगची तपासणी, खुर्च्यांची तेलपाणी ही सगळी कामे याच पंधरवड्यात उरकावीत. सहामाही सर्व्हिसिंग लागत असेल तर दुसरी पाळी फाल्गुन-चैत्रात, मुहूर्तांच्या मधल्या फटीत बसवावी.

हे सगळे डोक्यात राहत नाही, म्हणून एक वही लागते. प्रत्येक उपकरणाला क्रमांक द्यावा आणि तो त्याच्यावर चिकटवावा, म्हणजे ‘तो काळा ड्रायर’ असा घोळ होत नाही. वहीत प्रत्येकाचे एक पान: खरेदीची तारीख, बिल कुठे आहे, वॉरंटी कधीपर्यंत, कारागिराचा फोन, आणि खाली झालेल्या तक्रारी तारखेनिशी. तक्रार मालकाने लिहायची नसते, ज्याच्या हातात मशीन होते त्याने लिहायची. वास, आवाज, चटका या गोष्टी त्यालाच आधी कळतात. वर्षात तीनदा दुरुस्तीला गेलेली वस्तू, किंवा जिच्या दुरुस्त्यांचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यावर गेला आहे अशी वस्तू, वेळ न पाहता बदलावी. राखीव ठेवलेली उपकरणेही आठवड्यातून एकदा चालवून पाहावी लागतात. कपाटात महिनोन्‌महिने पडलेला ट्रिमर ऐन वेळी चार्ज होत नाही.

काही गोष्टी मात्र वहीच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि वीज ही त्यांतली मुख्य. पुणे परिसरात महावितरणची देखभालीची वीजबंदी बहुधा गुरुवारी असते, तिची सूचना आधी मिळते. अचानक गेलेल्या विजेची मिळत नाही. दुकानातला साधा इन्व्हर्टर दिवे, पंखे आणि ट्रिमरचे चार्जर चालवतो. गिझर, ड्रायर किंवा स्ट्रेटनर चालवण्याची ताकद त्याच्यात नसते, आणि जोडून पाहिला तर तो बंद पडतो. अशा वेळी कात्रीचे कटिंग, थ्रेडिंग, दाढी अशी कामे पुढे घ्यावीत आणि कलर-स्मूदनिंगच्या ग्राहकांना त्या घरून निघण्यापूर्वीच फोन करून दुसरी वेळ द्यावी. दारात येऊन परत गेलेला ग्राहक पुन्हा येईलच असे नाही. घरी फोन आलेला बहुतेक वेळा येतो.